रुपयांच्या तक्त्यातून दशांश अपूर्णांक: पाचवीला शिकवणाऱ्या मित्रास पत्र

वाई, जि. सातारा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. यंदा पाचवीचा वर्ग तुझ्याकडे आला आहे, पुढच्या आठवड्यात दशांश अपूर्णांक सुरू करायचे आहेत आणि रुपये-पैशांपासून सुरुवात करावी असे तुझ्या मनात आहे, हे वाचले. वाट तू योग्यच निवडली आहेस. परंतु या वाटेवर एक जागा अशी आहे की जिथे मुले हमखास अडखळतात, आणि ती अडखळली आहेत हे शिक्षकाला पुष्कळ दिवस कळतही नाही. माझ्या पहिल्या काही वर्षांत माझेही तसेच झाले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तेव्हा मी फळ्यावर '५ रुपये ५० पैसे = ₹ ५.५०' असे लिहीत असे. रुपये टिंबाच्या डावीकडे आणि पैसे उजवीकडे, एवढे सांगितले की दहा मिनिटांत वर्गाला जमत असे आणि वह्या बरोबर उत्तरांनी भरत असत. पुढे एके दिवशी मी '४ रुपये ५ पैसे' लिहायला सांगितले आणि बऱ्याच वह्यांत ४.५ असे उत्तर आले. दुसऱ्या दिवशी २.७५ आणि १.५० यांची बेरीज दिली, तर एका चांगल्या हुशार मुलीने ३.१२५ असे उत्तर काढले. तिने दोन आणि एक मिळवून तीन केले होते, पंचाहत्तर आणि पन्नास मिळवून एकशे पंचवीस केले होते, आणि मध्ये टिंब दिले होते. तिच्या दृष्टीने ते टिंब म्हणजे दोन वेगवेगळ्या संख्यांमधली भिंत होती. मी शिकवलेच तसे होते, त्यामुळे चूक तिची नव्हती.

तेव्हापासून मी टिंबापासून सुरुवात करणे सोडले आणि दहाच्या अदलाबदलीपासून सुरुवात करू लागलो. पहिलीत आपण दहा सुट्या काड्यांचा एक गठ्ठा बांधायला शिकवतो. दशांश अपूर्णांक म्हणजे तोच गठ्ठा उलट्या दिशेने सोडणे होय. एक रुपया सोडला की दहा पैशांची दहा नाणी होतात, आणि दहा पैशांचे एक नाणे सोडले की एक पैशाची दहा नाणी होतात. टिंब एवढेच सांगते की एकक, म्हणजे इथे एक रुपयाचे घर, कोणते आहे.

इथे एक अडचण येते. आजच्या पाचवीच्या मुलांनी दहा पैशांचे नाणे पाहिलेलेच नाही. पंचवीस पैसे आणि त्याहून लहान सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, म्हणजे या मुलांच्या जन्माआधीच. आठ आण्यांचे नाणे अजून कायद्याने चालते, पण ते हातात क्वचितच येते. म्हणून नाणी पुठ्ठ्याची करावी लागतात. चार मुलांच्या गटाला एक रुपयाच्या वीस, दहा पैशांच्या तीस आणि एक पैशाच्या चाळीस चकत्या, तसेच दहा रुपयांच्या दोन-तीन नोटा पुरतात. पंचवीस आणि पन्नास पैशांची नाणी मात्र सुरुवातीला मुळीच करू नकोस. दोन पन्नास पैशांचा रुपया होतो, चार पंचवीस पैशांचाही होतो, आणि या दोन-चारच्या हिशेबात दहाची अदलाबदल मुलांच्या नजरेआड जाते.

चकत्या मांडण्यासाठी जमिनीवर खडूने तक्ता आखावा. डावीकडून दहा रुपयांचे घर, एक रुपयाचे घर, दहा पैशांचे घर आणि एक पैशाचे घर अशी चार घरे असावीत. एक रुपयाच्या घरानंतरची रेघ जाड काढावी, कारण टिंब तिथेच येणार आहे. नियम एकच: कोणत्याही घरात नऊपेक्षा जास्त चकत्या ठेवायच्या नाहीत. दहा झाल्या की त्या पेटीत परत द्यायच्या आणि डावीकडच्या घरात एक चकती ठेवायची.

पहिल्या दिवशी फक्त दहा पैशांचे घर वापरावे. दहा सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी म्हणजे एक रुपया, तिचे दहा सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा एक दशांश, हे मुलांनी स्वतः कात्रीने करावे. चार तुकडे म्हणजे ०.४, वाचताना 'शून्य पूर्णांक चार दशांश', आणि दुकानाच्या भाषेत चाळीस पैसे. टिंबानंतरचा पहिला अंक म्हणजे दहा पैशांच्या नाण्यांची संख्या, ही गोष्ट पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. ०.४ आणि ०.४० एकच का, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही. चार चकत्या घरात आहेतच, शेजारचे घर रिकामे आहे, आणि ते रिकामे असल्याचे शून्याने सांगितले काय किंवा न सांगितले काय, रक्कम तीच राहते.

दुसऱ्या दिवशी एक पैशाचे घर उघडावे आणि मुद्दाम ४ रुपये ५ पैसे मांडायला द्यावेत. रुपयाच्या घरात चार चकत्या, दहा पैशांचे घर रिकामे, पैशाच्या घरात पाच. मधल्या रिकाम्या घराला शून्य द्यावेच लागते, नाहीतर पाच चकत्या दहा पैशांच्या घरात सरकतील आणि पाच पैशांचे पन्नास पैसे होतील. चारशे पाच लिहिताना दशकाच्या जागी शून्य का देतो, ते मुलांना ठाऊक असते. ४.०५ मध्ये तेच घडते आहे, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्यावे.

बेरीज-वजाबाकी तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी घ्यावी. २.७५ आणि १.५० यांची बेरीज तक्त्यावर कशी होते ते पाहा. पैशाच्या घरात पाच. दहा पैशांच्या घरात सात आणि पाच मिळून बारा झाल्या. त्यांतल्या दहा परत देऊन एक रुपया घेतला, दोन उरल्या. रुपयाच्या घरात दोन, एक आणि आलेला एक मिळून चार. उत्तर ४.२५. नियमामुळे बारा चकत्या एका घरात राहूच शकत नाहीत, आणि ३.१२५ हे उत्तर मुलांना आपोआप खटकते. वजाबाकीत १० रुपयांतून ३.६५ वजा करताना मुले पुष्कळदा ७.३५ लिहितात. दहातून तीन गेले सात, शंभरातून पासष्ट गेले पस्तीस, असा तो हिशेब असतो. पण ते शंभर पैसे ज्या रुपयाचे आले तो रुपया मोडलेला असतो, त्याची नोंद राहून जाते. तक्त्यावर दहाची नोट मोडून नऊ रुपये, नऊ दहा पैसे आणि दहा सुटे पैसे समोर मांडले की ६.३५ हेच उत्तर निघते.

आपल्या भाषेची एक मोठी मदत इथे होते. सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन हे शब्द मुलांच्या घरात रोज बोलले जातात. पावणेतीन म्हणजे तीनला पाव कमी, म्हणजे २.७५, हे मांडून दाखवले की आजीचा हिशेब आणि पुस्तकातला अपूर्णांक एकच आहेत हे मुलांना दिसते. माझ्या वर्गात हा तास सर्वांत रंगतो.

आता या रस्त्याची मर्यादा. टिंब दिसले की तो दशांश अपूर्णांकच, असे मुले धरून चालतात. क्रिकेटच्या धावफलकावरची ४.३ षटके त्यांना विचार. ती चार षटके आणि तीन चेंडू असतात. षटक सहा चेंडूंचे असल्याने खरे तर ती साडेचार षटके होत. घड्याळाचे २.३० हेही असेच. आपला रुपयासुद्धा १ एप्रिल १९५७ पूर्वी सोळा आण्यांचा होता, आणि एका आण्याचे चार पैसे होत. तेव्हाचे ३ रुपये ५ आणे कोणी ३.५ असे लिहिले असते, तर तो दशांश अपूर्णांक ठरला नसता, कारण तिथे दहाची अदलाबदलच नव्हती. शंभर पैशांचा रुपया झाल्यामुळेच आपल्याला हा तक्ता आखता येतो. दुसरी मर्यादा अशी की पैशाच्या उजवीकडे नाणे नाही. तिसरे दशांश स्थळ येईल तेव्हा मीटर आणि मिलिमीटर घ्यावेत.

सोबत सरावपत्रक देतो. चकत्या जवळ ठेवूनच सोडवू दे.

१. दशांश रूपात लिहा: (अ) ७ रुपये ४० पैसे (आ) ७ रुपये ४ पैसे (इ) ६५ पैसे (ई) ८ पैसे.
२. ₹ १२.०६ तक्त्यात मांडा. कोणत्या घरात किती चकत्या आल्या?
३. २३५ पैसे म्हणजे किती रुपये?
४. मोठी रक्कम कोणती? (अ) ₹ ५.३ की ₹ ५.१८ (आ) ₹ ०.७ की ₹ ०.७०
५. अंकांत लिहा: सव्वातीन रुपये, साडेसात रुपये, पावणेपाच रुपये.
६. वही ₹ १८.७५ ची आणि पेन्सिल ₹ ४.५० ची. एकूण किती रुपये झाले?
७. वीस रुपयांची नोट देऊन ₹ १३.४५ ची खरेदी केली. किती परत मिळतील?
८. एका मुलाने ३.८० + १.४० = ४.१२० असे लिहिले. तो कुठे चुकला ते तक्त्यावर दाखवा.

उत्तरे तुला ठाऊकच आहेत. वह्या तपासताना चुकीची उत्तरे कोणती येतात ते पाहा. पहिल्या प्रश्नात ७.४ हे (अ)ला आले तर ते बरोबर आहे, (आ)ला आले तर रिकाम्या घराचे शून्य राहिले आहे. चौथ्यात ५.१८ मोठे म्हणणारा मुलगा अठराची तीनशी तुलना करतो आहे. त्याला पुन्हा पहिल्या दिवसाच्या पट्टीकडे ने. सहाव्यात २२.१२५ आले तर भिंत अजून उभी आहे असे समज. बरोबर उत्तर २३.२५. सातव्यात ७.५५ आले तर मोडलेला रुपया विसरला आहे, तिथे ६.५५ हवे. आठवा प्रश्न मात्र तोंडी घे. ५.२० हे उत्तर सांगून मुले थांबतात. बारा चकत्यांचे काय केले ते त्यांना बोलून दाखवू दे.

दुकानात आता किमती पैशांत क्वचितच सांगतात, म्हणून ही उदाहरणे खोटी वाटली तर मुलांना घरचे विजेचे बिल किंवा पेट्रोल पंपावरचा दर पाहून यायला सांग. तिथे दोन दशांश स्थळे अजून आहेत.

पत्रकाच्या काही वह्या, विशेषतः चुकलेल्या, दिवाळीच्या सुट्टीत येताना बरोबर आण. बसून पाहू. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा जुना बाकमित्र