नर्सरीवाल्या काकांस, ताईच्या घरच्या झाडाबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

दुकानात बोलायचं राहून गेलं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

भावजी गेल्यावर ताई राजारामपुरीतल्या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. समोरच्या बिल्डिंगची भिंत खिडकीला खेटून आहे, ऊन आत येतच नाही. आधीच्या घरी कुंड्यांचं सगळं भावजीच बघायचे, ताईनं कधी झारी हातात धरली नव्हती. तिला सोबत म्हणून मी एका दुकानातनं मोगरा नेऊन दिला. "सावलीत चालतो का?" असं स्पष्ट विचारलं होतं. "चालतोय की, बिनधास्त न्या," असं सांगून त्यांनी तो चिनी मातीच्या, खाली भोक नसलेल्या कुंडीत बसवून दिला. मोगऱ्याला रोज चार-पाच तास कडक ऊन लागतं, हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. कळ्या गळल्या, पानं पिवळी पडली. ताई जास्तच पाणी घालत गेली आणि ते तळाशी साचत राहिलं. शेवटी म्हणाली, "माझ्या हाताला गुणच नाही." दुकानवाल्यांवरचा माझा राग त्या वाक्याचा आहे, पैशाचा नव्हे.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही झाड दाखवायच्या आधी उजेडाचं विचारलंत. "दुपारी लाईट न लावता खिडकीपाशी पेपर वाचता येतोय का?" येतो म्हटल्यावर म्हणालात, "मग जमतंय. कमी उजेड चालतोय, अंधार न्हाई चालत. आणि ज्यांला द्यायचंय त्यांस्नीच घेऊन या."

ताई आली. तुम्ही झीझी प्लांट काढलंत आणि कुंडीतली माती बाजूला करून तिला मुळाशी असलेले बटाट्यासारखे गड्डे दाखवलेत. पाणी यात साठतं, म्हणून हे झाड तहानेनं सहसा मरत नाही, सारखं पाणी घातल्यानं गड्डे कुजतात आणि मग मरतं, एवढं तिला समजेल असं सांगितलंत. निम्मी माती आणि निम्म्यात जाड वाळू व कोकोपीट घालून भोकं असलेल्या साध्या प्लास्टिकच्या कुंडीत ते लावलंत. मी भारीतली कुंडी मागत होतो, ती दिली नाहीत.

आणि मग ते केलंत, ज्यासाठी हे पत्र आहे. एकाच मापाच्या दोन कुंड्या आणल्यात, एक ठणठणीत वाळलेली आणि एक नुकतंच पाणी घातलेली. आधी एक, मग दुसरी ताईच्या दोन्ही हातांत दिलीत. "वजन ध्यानात ठेवा. ही अशी हलकी लागली की घालायचं. वार बघून घालायचं न्हाई." ताईनं त्या पुन्हा पुन्हा उचलून बघितल्या. मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी तुम्ही तिला घाई केली नाहीत. ज्या हातांना ती दोष देत होती, त्याच हातांवर तुम्ही सगळं सोपवलंत.

उन्हाळ्यात कुंडी दोन-तीन आठवड्यांनी हलकी व्हायची. श्रावणात मात्र आपल्याकडची ती संततधार लागली, कुंडी महिना होत आला तरी जडच, आणि त्यातच एक दांडी पिवळी पडली. ताई घाबरली. तुम्ही फोनवर म्हणालात, "दांडीचं बूड दाबून बघा. घट्ट आहे का पिचपिचीत?" पिवळी दांडी पिचपिचीत होती, बाकीच्या घट्ट. बशीत पाणी साचलं होतं, कारण कुंडी खिडकीच्या कडेला ठेवल्यानं पावसाचे शिंतोडे आत येत होते. ती दांडी मुळापासून काढायला लावलीत, चीक त्रासदायक असतो म्हणून हात धुवायला सांगितलंत, कुंडी आत सरकवून पाणी पूर्ण बंद करायला सांगितलंत. बाकीचं झाड वाचलं. कमी उजेडात ते सावकाशच वाढणार, हेही तुम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून नवीन फूट दिसेना तरी ताई निवांत होती. ओल्या फडक्यानं पानांवरची धूळ पुसायची आणि कुंडी उचलून बघायची, एवढंच करत राहिली. दिवाळीच्या आसपास मातीतनं टोकदार हिरवा कोंब वर आला, तेव्हा तिनं पहिला फोन मला केला. बऱ्याच महिन्यांनी तिचा आवाज मोकळा लागला.

विकताना खरं सांगणारा माणूस भेटला की बाजारावरचा विश्वास परत बसतो, काका. मोगरा खपवणं तुम्हालाही जमलं असतं.

आता शेजारच्या वहिनींनाही असंच झाड हवंय. त्यांच्याकडे रांगणारं बाळ आहे आणि या झाडाचं पान चावलं तर तोंडाची आग होते, हे ताईनंच त्यांना सांगितलं. तेव्हा त्यांच्यासाठी दुसरं काय चालेल ते बघून ठेवा. रविवारी दोघींना घेऊन येतो. मागच्या वेळच्या मातीचे पैसे तुम्ही घेतले नव्हते, ते या वेळी घ्यायचे.

आपला,
ताईचा धाकटा भाऊ