प्रमोटरने शेअर विकले ही बातमी अर्धीच असते

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. मागच्या पंधरवड्यात तुमच्या अर्थविषयक पानावर एका कंपनीची चार ओळींची बातमी आली होती, की तिच्या प्रमोटरने १२ लाख शेअर विकले. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझा मुद्दा त्या कंपनीबद्दल नाहीच. आमच्या शेजारच्या मावशींकडे त्या कंपनीचे ४०० शेअर होते, त्यांनी ती बातमी वाचून सकाळी सव्वानऊलाच ते काढून टाकले. "मालकच पळतोय म्हटल्यावर आपण कशाला थांबायचं," असं मला म्हणाल्या. मी संध्याकाळी एक्स्चेंजच्या साईटवर जाऊन मूळ नोंद पाहिली तर विक्री वगैरे काही झालीच नव्हती, वडिलांनी मुलाच्या नावावर शेअर केले होते.

मी पुण्यातल्या एका छोट्या लिस्टेड कंपनीत सेक्रेटरियल डिपार्टमेंटला ११ वर्षं काम केलंय, असल्या नोंदींचे फॉर्म स्वतःच्या हाताने भरलेत. म्हणून हे पत्र जरा लांबलं तरी छापा अशी विनंती.

आधी इनसायडर ट्रेडिंगचं, म्हणजे कंपनीतली आतली बातमी हाताशी असताना शेअर घेण्या-विकण्याचं बघू, कारण या नोंदी त्याच्याच नियमांमुळे द्याव्या लागतात. बरेच लोक मला अजूनही विचारतात की कंपनी त्याची, शेअर त्याचे, मग त्याने कधी विकावे हे सरकार का ठरवणार? याचं उत्तर द्यायला मी नेहमी मुंबईतलीच जुनी केस सांगते. मार्च १९९६ मध्ये हिंदुस्तान लिव्हरने यूटीआयकडून ब्रुक बाँड लिप्टन इंडियाचे ८ लाख शेअर घेतले, एका शेअरला ३५० रुपये ३५ पैसे असा भाव देऊन, म्हणजे साधारण २८ कोटींचा व्यवहार. त्यानंतर महिन्याच्या आत, एप्रिलमध्ये, जाहीर झालं की या दोन कंपन्या एकत्र होणार. दोन्ही युनिलिव्हरच्याच छत्राखालच्या, त्यामुळे घेणाऱ्याला विलीनीकरणाचं माहीत होतं आणि विकणाऱ्याला नव्हतं असं शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचं म्हणणं. आता विकणारा कोण होता ते बघा, यूटीआय! म्हणजे त्या काळी आपल्याकडच्या घराघरातून युनिट्समध्ये टाकलेला पैसा. पेन्शनीतला, मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेला. कोणाच्या खिशातून थेट नोट काढली नाही म्हणून चोरी झाली नाही असं वाटतं खरं, पण आतली बातमी ज्याला माहितीये त्याच्या प्रत्येक सौद्याच्या पलीकडे कोणीतरी न माहिती असलेला माणूस उभा असतो आणि नफा त्याच्याच पदरातून जातो. ती बातमी सगळ्या शेअरहोल्डर्सची मिळून असते, कारण कंपनी सगळ्यांची. डायरेक्टरला ती कळते ती खुर्चीमुळे, स्वतःचा फायदा करायला नाही.

सेबीने १९९८ मध्ये यूटीआयला तीन कोटींहून जास्त भरपाई द्यायचा आदेश दिला होता. पण अपिलात तो टिकला नाही, आणि का टिकला नाही हे तुम्हाला संपादक म्हणून मुद्दाम सांगते. विलीनीकरणाच्या बातम्या आधीच पेपरांत येत होत्या, म्हणजे ही माहिती सगळ्यांना होतीच, हा मुद्दा अपिलात मान्य झाला. पुढे २००२ मध्ये नियमात दुरुस्ती करून स्पष्ट लिहावं लागलं की पेपरातल्या अंदाजाच्या बातम्या म्हणजे माहिती जाहीर झाली असं नाही. तुमच्या पानावरच्या "समजते", "कळते" ला किती वजन असतं ते यावरून लक्षात यावं.

आता चालू आहेत ते २०१५ चे नियम. त्यात गाभा एवढाच की भावावर परिणाम करेल अशी अप्रकाशित माहिती, म्हणजे निकाल, डिव्हिडंड, विलीनीकरण, मोठा भांडवली बदल असलं काही, हाताशी असताना शेअर घ्यायचे किंवा विकायचे नाहीत, आणि ती माहिती कामाशिवाय दुसऱ्याला सांगायची पण नाही. सांगणाराही अडकतो. दंड १० लाखांपासून सुरू होतो आणि २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट यातली जास्त असेल त्या रकमेपर्यंत जाऊ शकतो. खटला चालला तर १० वर्षांपर्यंत कैद आहे. अर्थात नुसतं हाताशी माहिती असणं म्हणजे लगेच गुन्हा असंही कोर्ट दरवेळी मानत नाही. गॅमन इन्फ्रास्ट्रक्चरच्या अभिजित राजन यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पाहिलं की माहिती कंपनीच्या भल्याची होती, भाव वाढवणारी, आणि त्यांनी तर शेअर विकले होते, ते पण समूहातल्या कंपनीच्या कर्जाच्या फेररचनेसाठी पैसे उभे करायला. ज्याला फायदा उकळायचा असतो तो चांगली बातमी येण्याआधी विकेल कशाला, असा साधा विचार. म्हणून ते सुटले.

आता मावशींच्या बातमीकडे येते. प्रमोटर, डायरेक्टर किंवा कंपनीने ठरवून दिलेल्या जबाबदार माणसांपैकी कोणी एका तिमाहीत मिळून १० लाखांपेक्षा जास्त किमतीचे शेअर घेतले किंवा दिले, तर दोन ट्रेडिंग दिवसांत कंपनीला कळवायचं आणि कंपनीने पुढच्या दोन ट्रेडिंग दिवसांत एक्स्चेंजला, असा नियम. त्यासाठी फॉर्म सी असतो. आता बरंचसं डीमॅट खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडून आपोआप एक्स्चेंजला जातं, पण वाचायला मिळतं तेच. एनएसईच्या साईटवर कंपन्यांच्या फाइलिंगमध्ये Insider Trading नावाखाली सगळं उघडं पडलेलं असतं, कोणीही बघू शकतं, पैसे लागत नाहीत.

मावशींच्या कंपनीसारखा हिशोब गोल आकड्यांत मांडते. एकूण शेअर ४ कोटी. वडिलांकडे ८० लाख, म्हणजे २० टक्के. मुलाकडे १० लाख, म्हणजे अडीच टक्के. पूर्ण प्रमोटर गटाकडे ५२.५ टक्के. आता नोंदीत एक ओळ येते, वडील, विकले १२ लाख, किंमत १० कोटी २० लाख. नुसती ही ओळ वाचली तर छाती धडधडणारच! पण त्याच ओळीत पुढे व्यवहार कसा झाला ते लिहिलेलं असतं, तिथे Gift किंवा Off Market असं दिसतं, आणि खालच्याच ओळीत मुलगा, घेतले १२ लाख. वडील २० वरून १७ टक्क्यांवर आले, मुलगा अडीचवरून साडेपाचवर गेला, गटाचा आकडा ५२.५ होता तो ५२.५ च राहिला. बाजारात एक शेअरही आला नाही. १० कोटी २० लाख हा आकडा फक्त त्या दिवशीच्या भावाने लावलेली किंमत, कोणाच्या खात्यात एवढे पैसे गेले असं नाही. तुमच्या वार्ताहराने पहिली ओळ उचलली आणि दुसरी बघितलीच नाही.

ईसॉपचं, म्हणजे कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावाने देते त्या शेअरचं पण असंच. फायनान्सचे प्रमुख १० रुपयांनी मिळालेले शेअर उचलतात आणि आठवड्यात त्यातले अर्धे विकतात, पेपरात येतं "वरिष्ठ अधिकाऱ्याने हिस्सा विकला". अहो, शेअर उचलले की भाव आणि १० रुपये यातल्या फरकावर पगारासारखा टॅक्स लागतो, तो भरायला विकावेच लागतात बऱ्याच जणांना. तारण ठेवलेले शेअर पण याच यादीत येतात, ते विक्री नव्हेत पण दुर्लक्ष करू नये, कारण भाव पडला आणि कर्ज देणाऱ्याने ते तारण जप्त करून विकायला काढलं की खरीखुरी विक्री होते, ती पण प्रमोटरच्या इच्छेविरुद्ध.

मग वजन कशाला द्यायचं? माझ्या अनुभवाने, Market Purchase म्हणजे स्वतःच्या खिशातून बाजारभावाने केलेल्या खरेदीला, तीही एकदा नाही तर दोनतीन लोकांनी वेगवेगळी केलेली असेल तर. विक्रीची कारणं शंभर असतात, घर, आजारपण, भावाभावांच्या वाटण्या. स्वतःचे पैसे घालून घ्यायचं कारण सहसा एकच असतं. तरी आधीच्या हिश्श्याच्या किती टक्के ते बघायचं, ज्याच्याकडे ८० लाख आहेत त्याने ५ हजार घेतले तर त्यातून काही कळत नाही.

आणि तारीख. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि हेच कधी छापून येत नाही. तिमाही संपल्यापासून निकाल लागून ४८ तास होईपर्यंत आतल्या लोकांसाठी ट्रेडिंग विंडो, म्हणजे व्यवहाराची खिडकी, बंद असते. म्हणजे मार्चअखेरचा निकाल २० मे ला लागला तर १ एप्रिलपासून २२ मे पर्यंत बाजारातली खरेदी-विक्री सहसा दिसायला नको, दिसली तर का ते विचारावं. आणि खिडकी उघडी होती म्हणजे सगळं स्वच्छ असंही नाही, २७ जूनला मोठी विक्री आणि ऑगस्टमध्ये वाईट निकाल अशी जोडी दिसली तर ती दोनदा वाचावी. तेवढ्यावर कोणाला चोर म्हणता येत नाही, पण प्रश्न विचारता येतो. सहा महिन्यांच्या आत बाजारातून घेऊन विकणं किंवा विकून परत घेणं पण चालत नाही, ते सुद्धा तारखांवरूनच सापडतं.

आमच्याकडे एकदा असं झालं. एका डायरेक्टरांच्या पत्नीच्या डीमॅटमधून विंडो बंद असताना शेअर विकले गेले. मी कोणाकडे किती शेअर याची आठवड्याची यादी पडताळत होते, त्यात ते नाव दिसलं आणि हात थांबला. सरांना फोन केला तर म्हणाले, "अगं, तिचं सगळं तिचा भाऊ बघतो, मला माहीतच नाही." खरं असेलही, पण पत्नी ही नियमाप्रमाणे जवळची नातेवाईक, भाऊ बघतो म्हणून सुटका नाही. प्रकरण ऑडिट कमिटीपुढे गेलं, एक्स्चेंजला कळवलं, आणि झालेला नफा गुंतवणूकदार संरक्षण निधीत भरावा लागला. रक्कम फार नव्हती. सर माझ्यावर नंतर कितीतरी दिवस नाराज होते, पण त्या दिवशी ते शेअर ज्याने घेतले त्याला आमच्या निकालाचं काहीच माहीत नव्हतं, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

एक मर्यादा पण सांगते. १० लाखांच्या आतले व्यवहार या यादीत येतीलच असं नाही. एखाद्या डायरेक्टरने ८५ रुपयांनी ४ हजार शेअर घेतले तर ३ लाख ४० हजार झाले, तिमाहीत दोनदा घेतले तरी कळवायची सक्ती नाही, तिसऱ्यांदा घेतले की १० लाख २० हजार होतात आणि तेव्हा नोंद येते. म्हणून यादी रिकामी दिसली तर आत काहीच हालचाल नाही असं समजू नये. आणि खरा इनसायडर तर स्वतःच्या नावावर करतच नाही, मित्राच्या, मेव्हण्याच्या खात्यातून करतो, ते या यादीत कधीच दिसणार नाही. ते शोधणं सेबीचं काम, फोनच्या नोंदी आणि बँकेच्या खात्यांवरून.

तुम्हाला विनंती इतकीच, की प्रमोटरच्या व्यवहाराची बातमी देताना आणखी तीन गोष्टी छापा. व्यवहार बाजारात झाला की बाहेर, गटाचा एकूण हिस्सा आधी किती आणि नंतर किती, आणि व्यवहाराची तारीख. हे सगळं त्याच नोंदीत असतं, वेगळं शोधायला लागत नाही, बातमी फार तर दोन ओळींनी वाढेल. मावशींनी ७९ ला विकले, काल तोच शेअर ८६ ला होता, त्या रोज सकाळी मला भाव विचारतात.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे