नेटवर्क ड्राइव्हवरील कौटुंबिक व्हिडिओ टीव्हीवर चालत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: सॉफ्टवेअर अपडेटनंतर एव्हीआय व्हिडिओ नेटवर्कवरून न चालणे.

महोदय/महोदया,

घरच्या नेटवर्क ड्राइव्हवर साठवलेले कौटुंबिक व्हिडिओ आम्ही डीएलएनए मीडिया सर्व्हरमार्फत आपल्या कंपनीच्या टीव्हीवर पाहत असू. टीव्हीचे सॉफ्टवेअर अपडेट झाल्यापासून जुन्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले सर्व एव्हीआय व्हिडिओ ‘ही फाइल चालवता येत नाही’ असा संदेश देऊन थांबतात. मोबाइलवर काढलेले एमपी४ व्हिडिओ मात्र त्याच ड्राइव्हवरून सुरळीत चालतात.

आपल्या प्रतिनिधींनी वाय-फायचा वेग कमी असल्याचे कारण सांगितले, ते मला मान्य नाही. माझी मुलगी आजोबांच्या मांडीवर बसून बडबडगीत म्हणते, तो व्हिडिओ ६४० बाय ४८० आकाराचा, मोशन जेपेग पद्धतीचा असून त्याला सेकंदाला सुमारे २ मेगाबाइट, म्हणजे १६ मेगाबिट इतकाच वेग लागतो. नेटवर्कची केबल थेट टीव्हीला जोडूनही तोच संदेश येतो. उलट तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावली की चित्र आणि आवाज दोन्ही व्यवस्थित येतात. म्हणजेच ही फाइल उलगडण्याची क्षमता टीव्हीत आजही आहे.

दोष कुठे आहे, हे सर्व्हरच्या नोंदींवरून दिसते. टीव्ही फोल्डरची यादी मागतो, तिच्याबरोबर सर्व्हरने कळवलेला फाइलचा प्रकार वाचतो आणि त्यानंतर फाइल मागतच नाही. एकही बाइट न घेता तो नकार देतो. आमचा सर्व्हर हा प्रकार `video/x-msvideo` असा कळवतो. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये तो बदलून `video/avi` केल्यावर, फाइलला हातही न लावता, तोच व्हिडिओ नेटवर्कवरून चालू झाला. पण या बदलामुळे घरातल्या दुसऱ्या टीव्हीला त्याच फाइली दिसेनाशा झाल्या, त्यामुळे मला तो मागे घ्यावा लागला.

सर्व व्हिडिओ एमपी४मध्ये रूपांतरित करून घ्या, हा आपला सल्ला तर मला विशेष खटकला. पुन्हा एन्कोड करताना चित्राचा दर्जा थोडा तरी उतरतोच, आणि आधीच कमी रिझोल्यूशनच्या, घरातल्या मंद उजेडात काढलेल्या चित्रणात ती घट चेहऱ्यांवर दिसते. सर्व्हरकडून आयत्या वेळी रूपांतर करून घ्यावे, तर आमच्या ड्राइव्हच्या साध्या प्रोसेसरवर व्हिडिओ अडखळतो आणि पुढे-मागेही नेता येत नाही.

तरी नेटवर्कवरून स्वीकारल्या जाणाऱ्या प्रकारांच्या यादीत `video/x-msvideo` पुन्हा समाविष्ट करणारे अपडेट द्यावे आणि तोपर्यंत आधीचे सॉफ्टवेअर परत बसवून द्यावे, ही विनंती. पेनड्राइव्हवरून आणि नेटवर्कवरून चालणारे प्रकार आपल्या माहितीपुस्तिकेत एकाच तक्त्यात दिले आहेत. ते वेगवेगळे दाखवावेत. सर्व्हरच्या नोंदी आणि त्या व्हिडिओचा काही सेकंदांचा नमुना सोबत जोडला आहे. कृपया लेखी उत्तर द्यावे.

आपला विश्वासू,
एक ग्राहक