विषय: थकबाकी यादीसाठी लेजर एक्सेलमध्ये घेण्याच्या पद्धतीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण संस्था कार्यकारिणी, इंदिरानगर, नाशिक

महोदय,

एप्रिलअखेरच्या थकबाकी यादीत माझ्या फ्लॅटपुढे २,३०० रुपये बाकी दाखवले आहेत. प्रत्यक्षात माझेच २,३०० संस्थेकडे आगाऊ जमा आहेत. खजिनदार साहेबांनी टॅलीतून काढलेली एक्सेल फाइल दाखवली, तेव्हा घोळ कुठे होतो ते कळले.

माझे खाते साधे आहे. मागील बाकी ४,५०० नावे, एप्रिलचे बिल ३,२०० नावे, आणि मी भरलेले १०,००० जमा. लेजरमध्ये तळाला दोन्ही बाजूंची बेरीज जुळवायची म्हणून अखेरची शिल्लक नेहमी कमी असलेल्या बाजूला लिहितात. त्यामुळे माझे २,३०० नावे रकान्यात आले आणि यादी करणाऱ्याने तिथूनच उचलले. वहीत हे बरोबरच आहे, पण रकाना बघून रक्कम उचलली की आगाऊ भरणारा थकबाकीदार ठरतो. त्यावर व्याज लागले तर वाद वाढेल.

टॅलीत F12 दाबून 'Show Running Balance' सुरू केले की शिल्लकेचा वेगळा रकाना मिळतो. पण त्यातही एक मेख आहे. एक्सेलमध्ये दिसणारे Dr आणि Cr हे फक्त सेलच्या फॉरमॅटमध्ये असतात. सेलवर क्लिक करून वर फॉर्म्युला बारमध्ये पाहिले तर नुसते 2300 दिसते, उणे चिन्हही नाही. म्हणून SUM केले की आगाऊ रक्कमही थकबाकीत मिळते. माझ्या एकट्याच्या खात्यामुळे एकूण आकडा ४,६०० ने फुगतो.

माझी विनंती अशी, की शिल्लक टॅलीकडून घेऊच नये. Alt+E ने लेजर एक्सेलमध्ये काढावे, तळाच्या बेरजेच्या आणि Closing Balance च्या ओळी पुसाव्यात, आणि तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक असे A ते E रकाने ठेवावेत. मागील बाकी दुसऱ्या ओळीत आली, की E2 आणि E3 मध्ये अनुक्रमे:

```
=C2-D2
=E2+C3-D3
```

दुसरे सूत्र खाली ओढत न्यावे. माझ्या खात्यात ४५००, ७७००, -२३०० असे आकडे येतात. उणे म्हणजे सभासदाचे आगाऊ, अधिक म्हणजे येणे. शेवटचा आकडा टॅलीच्या क्लोजिंगशी ताडून पाहावा. Cr असेल तिथे उणेच हवे. तसे नसेल तर बहुधा मागील बाकीची ओळ सुटलेली असते, किंवा तारखांचा कालावधी चुकलेला असतो.

सगळ्या फ्लॅटचे हे दर महिन्याला करणे खजिनदारांना जाच होईल, हे मान्य. निदान ज्यांच्या नावे थकबाकी दाखवली आहे, तेवढी खाती तरी सूचना फलकावर यादी लावण्याआधी अशी तपासावीत. सध्याची यादी काढून दुरुस्त यादी लावावी, ही विनंती.

आपला नम्र,
सभासद, बी विंग