सायकल निवडताना

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

कोथरूडहून बावधनच्या कार्यालयात सायकलने जाण्याचे तू ठरवलेस, हे वाचून आनंद झाला. टायर, ब्रेकचे रबर किंवा सीट पुढे केव्हाही बदलता येते, परंतु फ्रेम बदलता येत नाही. म्हणून दुकानात सर्वाधिक वेळ तिच्यावरच घालव.

'२६ ची दाखवू का?' असे विचारले, तर तो आकडा चाकाचा आहे, फ्रेमचा नव्हे, हे ध्यानात ठेव. घरी अनवाणी भिंतीला टेकून उभी राहा, पायांच्या मध्ये जाड पुस्तक वर दाबून धर आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोज. ते ७४ सेंमी भरले, तर तू उभी राहशील तिथे आडव्या दांड्याची उंची ७१ सेंमीपेक्षा अधिक नसावी, म्हणजे सिग्नलला एकदम उतरावे लागले तरी दांडा लागणार नाही. त्यानंतर सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवलीस की गुडघा सरळ व्हावा. चवड्याने पेडल मारताना तो आपोआप किंचित वाकलेला राहतो. सीटची उंची अशी जुळवता येते, फ्रेमची लांबी मात्र नाही. हँडल धरताना हात ताठ होऊन खांदे पुढे ओढले जात असतील, तर ती फ्रेम तुला लांब आहे. वळताना गुडघे हँडलला लागत असतील, तर आखूड आहे. दांडा खाली झुकलेली फ्रेम घेतलीस, तरी ही परीक्षा टाळू नकोस.

चांदणी चौकाच्या चढासाठी गिअर हवेतच, पण एकवीस गिअरचा आग्रह नको, कारण त्यांतले बरेच एकमेकांसारखेच असतात. पुढे एक आणि मागे सात चक्रे पुरतील. मागचे सर्वांत मोठे चक्र निदान २८ दात्यांचे असावे. गिअर चढ सुरू होण्याआधी, पेडल हलके फिरत असतानाच बदलावा.

टायर ३५ ते ४० मिमी रुंदीचे, कमी खाचांचे घे. हवा कमी राहिली, तर खड्ड्याच्या कडेवर रिम ट्यूबला चिमटते आणि सर्पदंशासारखी शेजारीशेजारी दोन छिद्रे पडतात. असे पंक्चर दिसले, तर काटा शोधत बसू नकोस, हवेचा दाब तपास. दाबाची मर्यादा टायरच्या बाजूवर छापलेली असते.

रिम ब्रेक तुला पुरेसे आहेत, मात्र रिम ॲल्युमिनियमची असावी. ओल्या पोलादी रिमवर रबराची पकड फार ढिली पडते. ब्रेक पूर्ण दाबला तरी त्याची पट्टी हँडलला टेकता कामा नये, आणि रबर रिमवरच बसावे, टायरला घासू नये. हे दोन्ही पैसे देण्यापूर्वी चाक उचलून, फिरवून पाहा.

तुझे बाबा