हिरवा चुडा आणि क्रोमाचा पडदा

प्रिय मनू,

काल फोनवर तू सांगितलंस की रविवारी हॉल मिळालाय, माणसं तीनच आहात आणि हिरवा कपडा ऑनलाइन मागवलाय, तेव्हाच बोलणार होतो पण तुझी बस आली आणि राहून गेलं. म्हणून लिहून पाठवतो, निवांत वाच. आणि तो कपडा अजून आला नसेल तर आधी ऑर्डर कॅन्सल कर.

कारण काय, तर तुझ्या फिल्ममधली मुलगी नवरी आहे. हिरवी साडी, हातात हिरवा चुडा. आणि मागे हिरवा पडदा. लग्नांचं व्हिडिओ मिक्सिंग करायचो त्या काळात हे मी एकदा करून बसलोय. नवरानवरीच्या गाण्याला मागे काश्मीरचा बर्फ टाकायचा होता, पडद्याचा रंग कापायची की लावली आणि नवरीच्या बांगड्याच गायब, मनगटातनं आरपार डोंगर दिसायला लागले 😄 मुलीच्या आईनं कॅसेट परत आणून दिली होती. कॉम्प्युटरला साडी कळत नाही बाळा, त्याला फक्त रंग कळतो, जो रंग तू सांगशील तो कापणार.

तू म्हणशील मग साडी बदलते. पण चुडा तर हवाच, गोष्टच त्याची आहे. त्यापेक्षा पडदा निळा घे. हिरवा सगळे का वापरतात तर कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवे ठिपके निम्मे असतात, लाल आणि निळे पाव पाव, त्यामुळे हिरव्यात नॉइज कमी येतो आणि कडा स्वच्छ निघते. निळ्याला जरा जास्त उजेड द्यावा लागतो एवढंच, तेवढं चालवून घे. मात्र मग अंगावर निळं काही नको, आणि मोरपिशी तर दोन्ही पडद्यांना नको, तो रंग ना धड हिरवा ना धड निळा, अर्धा कापला जातो अर्धा राहतो. साडी बॉटल ग्रीन घे, काठ लाल किंवा सोनेरी. जरीकाम भरगच्च असेल तर त्यात पडद्याचा रंग आरशासारखा दिसतो, म्हणून बारीक काठाची बघ. हळदीचा सीन पण त्याच दिवशी आहे ना, तिथेही निळाच बरा, कारण पिवळ्यात हिरवा असतोच, आणि सॉफ्टवेअर हिरवी झाक काढायला गेलं की पिवळी साडी केशरी होऊन बसते. नक्की काय होतं ते शनिवारीच बघून घे, साडी आणि बांगड्या पडद्यासमोर धरून कॅमेऱ्यात दहा सेकंद रेकॉर्ड करायचं आणि लॅपटॉपवर की लावून बघायची. शूटच्या दिवशी कळून काही उपयोग नाही.

आता अंतर. हॉल लांबीला 18 फूट म्हणालीस. पडदा मागच्या भिंतीला, त्याच्यापुढे 8 फुटांवर मुलगी, तिच्यापुढे आणखी 8 फुटांवर कॅमेरा, मागे तुला उभं राहायला दोन फूट उरतात. ॲडजस्ट होईल. मुलीला पडद्याला चिकटवून उभं करायचा मोह होतो कारण कपडा छोटा वाटतो, पण जवळ उभी केलीस की पडद्यावरनं उडालेला निळा उजेड तिच्या खांद्यावर, गालाच्या कडेला, केसांत बसतो, त्याला स्पिल म्हणतात, आणि तिची सावलीही पडद्यावर पडते. लांब नेलं की दोन्ही कमी होतं, वर पडदा आउट ऑफ फोकस गेल्यामुळे बारीक सुरकुत्याही पुसल्या जातात (तरी इस्त्री कर, मोठी घडी दिसतेच). जागा कमी पडली तर 6 फूट चालेल, त्याच्या खाली येऊ नकोस.

कपडा पुरेल का? तुझ्या कॅमेऱ्याला 35 ची लेन्स लावलीस तर 8 फुटांवर कमरेपासून वरचा मिड शॉट बसतो, आणि तिथून पडद्यापर्यंत 16 फुटांवर फ्रेम साधारण पावणेअकरा फूट रुंद होते. कपडा 10 फुटी, म्हणजे दोन्ही कडांना थोडी भिंत दिसणार. दिसू दे. पडदा फक्त मुलीच्या मागे आणि तिचे हात जातील तिथपर्यंत पाहिजे, बाकीचं एडिटला मास्क मारून उडवायचं. फक्त हात फ्रेमच्या कडेपर्यंत नेऊ नको म्हणून तिला आधीच सांग. पूर्ण उंचीचा शॉट मात्र या हॉलमध्ये काढूच नकोस, पायाखाली कपडा, त्यावर सावली, तीन माणसांत ते निस्तरत नाही.

लाइट चार आहेत ना, दोन पडद्याला, दोन मुलीला, आणि ही दोन खाती वेगळी ठेवायची. पडद्याचे दोन लाइट दोन बाजूंना, पडद्यापासून तीन-चार फूट पुढे, आणि डावा लाइट उजव्या कडेकडे वळवायचा, उजवा डाव्या कडेकडे. समोरच मारलास तर लाइटजवळची कड पांढरी होते आणि मधलं अंधारात राहतं. हे लाइट मागनं मुलीच्या अंगावर जायला नकोत, मध्ये काळा कपडा किंवा काळा पुठ्ठा कटर म्हणून लाव.

मुलीला एक मुख्य, म्हणजे की लाइट आणि एक मागनं वरनं बॅक लाइट, तो केसांची कड सुटी करतो. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल टेकव, पुरतो. आणि की लाइट कुठल्या बाजूनं? तर तुम्ही पंचगंगेच्या घाटावर तिच्या मागे टाकायचा जो शॉट काढलाय त्यात ऊन ज्या बाजूनं आहे त्याच बाजूनं. तू तो संध्याकाळी काढलास, ऊन डावीकडनं होतं असं आठवतंय, एकदा बघून घे, नाहीतर कापणी कितीही छान होऊदे, चिकटवल्यासारखंच दिसणार.

पडद्यावर उजेड सारखा आहे का हे डोळ्यानं कळत नाही, डोळा सावरून घेतो. कॅमेऱ्यात झेब्रा असतो, ठरवलेल्या आकड्याएवढा उजेड जिथे होतो तिथे पट्टे दाखवतो, तो सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेव आणि ॲपर्चर हळूहळू उघड. सगळ्या पडद्यावर पट्टे एकदमच आले तर उजेड सारखा. एक कोपरा आधी भरला तर तिथला लाइट मागे घे. वेव्हफॉर्म, म्हणजे उजेडाचा आलेख, दिसत असेल तर पडद्याची रेघ पातळ आणि 40 ते 50 च्या आसपास पाहिजे. लोक काय करतात, पडदा झगझगीत करतात, जास्त उजेड म्हणजे चांगली की असं वाटून, आणि मग सगळा रंग मुलीच्या अंगावर येतो. चेहऱ्याएवढाच किंवा त्याच्यापेक्षा थोडा कमी.

25 फ्रेमला शटर 1/50 ठेवशील, पण ती हात हलवून चुडा वाजवते ना, तिथे बांगड्यांची कड पुसट होऊन निळ्यात मिसळेल, त्या शॉटला 1/100 कर. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे दोन्हीत लाइट फडफडत नाही. आयएसओ कमी, व्हाइट बॅलन्स लॉक, ऑटो काहीच नको.

आणि माणसं तीन आहेत तर कॅमेरा तू, मुलगी ॲक्टिंगला, तिसरा लाइटजवळच. त्याला क्लॅप, चहा, मेकअप सगळं नाही सांगायचं, त्यानं प्रत्येक टेकच्या आधी झेब्रा एकदा बघायचा आणि तिच्या पायाजवळची चिकटपट्टीची खूण हलली नाही ना ते बघायचं, कारण ती बोलता बोलता मागे मागे सरकणारच.

शनिवारच्या टेस्टची क्लिप मला पाठव, आई म्हणते चुडा तिच्या कपाटातला घेऊन जा, काचेचाच आहे, नीट गुंडाळून ने.

तुझा बाबा