नवा कुकर परत कर, जुनी वाकळ बांध

लेस्टर, 9 नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "लेकरा, तुझ्या सामानात टाकायला पाच लिटरचा नवा कुकर आणलाय, स्टीलचा डिनर सेटही आणलाय. तिकडं जुनं-पानं कशाला नेतोस?" तेव्हा मी नुसतं हो-हो केलं, कारण ड्यूटीवर निघालो होतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे निवांत लिहूनच कळवायला हवं. इथला, म्हणजे ब्रिटनचा, कायदा आईच्या अगदी उलट बोलतो. जुनं आणलं तर फुकट, नवं आणलं तर कर.

परदेशातून इथं कायमचं राहायला येणाऱ्या माणसाला आपलं घरसामान आयात कर आणि व्हॅट न भरता आणता येतं. त्यासाठी टीओआर 1 नावाचा अर्ज एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या कर खात्याकडे, करायचा असतो. मी तो ऑनलाइन भरला. पासपोर्टचं पान, व्हिसा, पुण्याच्या फ्लॅटचा भाडेकरार, इथल्या घराचा करार आणि सामानाची यादी जोडली. गेल्या गुरुवारी मंजुरीचं पत्र आलं. त्यात एक संदर्भ क्रमांक आहे. सामान पाठवणाऱ्या एजंटला तो आधी द्यायचा, म्हणजे इथल्या बंदरावर कस्टम्सचं डिक्लेरेशन भरताना तो त्यात टाकतो. क्रमांक हातात नसताना पेट्या बंदरात पोचल्या, तर त्या गोदामात पडून राहतात आणि भाडं रोज चढतं. म्हणूनच बाबा, मी तुम्हाला सारखं "थांबा, ट्रक बोलावू नका" म्हणत होतो. आता बोलवायला हरकत नाही.

पण त्या मंजुरीच्या मागे अटी आहेत. मी सलग 12 महिने तरी ब्रिटनबाहेर राहिलेलो असावं, ते तर आहेच. दुसरी अट खरी कळीची आहे. वस्तू माझ्या मालकीची हवी आणि इकडे येण्याआधी निदान 6 महिने मी ती वापरलेली हवी. मी आलो 12 ऑगस्टला. म्हणजे 12 फेब्रुवारीच्या आधीपासून जे माझ्याकडे होतं, तेवढंच करमुक्त. आई, तुझा कुकर ऑक्टोबरातला. तो सहा महिन्यांचा नाही आणि माझ्या वापरातलाही नाही, आणि मंजूर झालेल्या यादीत तर नाहीच.

आता हिशोब बघा, म्हणजे कुकर परत करताना वाईट वाटणार नाही. कुकर, डिनर सेट आणि तू बघून ठेवलेले पडदे मिळून 23,000 रुपये धरू. पाउंड 115 रुपयांचा धरला तर ते झाले 200 पाउंड. इथं कर फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही, जहाजाच्या भाड्यातला तिचा वाटाही किमतीत मिळवतात. तो 50 पाउंड समजू. म्हणजे 250 वर 20 टक्के व्हॅट, 50 पाउंड, आपले 5,750 रुपये. काही वस्तूंवर वरून आयात शुल्क, आणि एजंट वेगळ्या डिक्लेरेशनचे वेगळे पैसे घेणार ते निराळेच. आणि कुकर इथं बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानात मिळतो हो! अख्खा रस्ता आपल्याकडच्या भांड्यांनी आणि साड्यांनी भरलेला आहे.

पुण्यातल्या एका पॅकिंगवाल्याने मला सरळ उपाय सुचवला होता, "साहेब, सगळं वापरलेलं लिहून टाकू, कोण बघतंय?" मी त्याला नाही म्हटलं. बघतात. पेटी उघडली की खोका सील असतो, थर्माकोल तसाच असतो, भांड्याच्या बुडाला दुकानाचं स्टिकर असतं आणि वॉरंटी कार्डावर दुकानदाराने तारीख टाकलेली असते. मग ते खोटं डिक्लेरेशन ठरतं, आणि त्या एका कुकरपायी इतर सगळ्या पेट्या संशयात येतात. माझं नुकतंच बस्तान बसतंय, हा उद्योग नकोच.

तर आता माझ्या खोलीतल्या सामानाकडे येऊ. पुण्याहून आणून टाकलेलं सगळं माळ्यावर आणि कपाटामागे आहे ना, त्यातलं एकेक सांगतो. मिक्सर दोन दिवाळ्यांपूर्वीचा, तो चालतो. इथली वीजही आपल्यासारखीच 230 व्होल्टची, फक्त प्लगची पिन बदलावी लागेल, ते मी करीन. माझा तीन लिटरचा कुकर, शिट्टी ढिली असलेला, तोच पाठवा. कॅरमबोर्ड पाठवा. सायकल मात्र राहू द्या. ती मी मे महिन्यात घेतली, येण्याआधी जेमतेम तीन महिने. यादी करताना मी ती उत्साहात आधी लिहिली होती, बिल काढून तारीख बघितली तेव्हा खोडली. तिच्यासाठी कर भरण्यापेक्षा सदाशिवला द्या, शाळेला जाईल.

बाबा, तुमच्या कपाटातली पुस्तकं तुम्ही नवी-जुनी म्हणून वेगळी करत बसलात असं आई म्हणाली. तसं करू नका. पुस्तकांवर इथं व्हॅट शून्य टक्के आहे, त्यामुळे तुम्ही भेट म्हणून टाकलेलं कोरं पुस्तकही खिशाला चाट लावत नाही. फक्त त्याची नोंद वेगळी करा, ते माझ्या जुन्या सामानात लिहू नका.

आजीचा तांब्याचा हंडा. यावर मी दोन रात्री विचार केला. तो माझ्याकडे कधीच नव्हता, तो आपल्या घरचा आहे. मी पुण्यात पितळी पातेल्यात पाणी भरून ठेवायचो, हंड्यात नाही. म्हणजे तो या सवलतीत बसत नाही. वारशाने मिळालेल्या वस्तूंसाठी इथं वेगळी सवलत आहे, तिचे कागद वेगळे. पण हंडा आत्ता तुमच्याच वापरात आहे, त्याला कशाला उठवायचं? आईचं शिलाई मशीनही त्याच कारणाने नको, ते आईचं आहे.

आणि शेजारच्या काकूंचा डबा. त्यांच्या मुलीला बर्मिंगहॅमला द्यायची भांडी आपल्या पेटीत टाका, असं त्या म्हणतात ना? त्यांना गोड बोलून नाही म्हणा. पेटीतलं सगळं माझं असलं पाहिजे. इतकंच नाही, तर सामान इथं आल्यावर 12 महिने ते विकता, भाड्याने देता किंवा कुणाला उसनं देताही येत नाही. द्यायचंच झालं तर आधी एचएमआरसीला कळवून कर भरावा लागतो. म्हणजे कुणी मिक्सर मागायला आलं तर मी चक्क कायद्याचं कारण सांगणार आहे.

खाण्याचं काहीही पेटीत नको. आई, तूप तर मुळीच नाही. भारतातून दूध-दुभत्याचे पदार्थ आणायलाच बंदी आहे, मग ते घरी कढवलेलं असो की विकतचं. खवा-पेढे त्यातच आले. काळा मसाला चालतो, पण महिना-दीड महिना जहाजाच्या पोटात ठेवून त्याचा वास माझ्या शर्टांना लावायचा नाही. तो तुम्ही याल तेव्हा बॅगेतून आणा. तुळशीच्या मंजिऱ्याही ठेवू नकोस. पेरायच्या बियांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, तुळस मी इथंच कुठून तरी मिळवीन.

पेट्यांबद्दल. बाबा, सुतारमामांकडून लिंबाच्या फळ्यांची पेटी ठोकून घेतो असं म्हणालात, तेवढं थांबवा. कच्च्या लाकडात कीड येते म्हणून पॅकिंगचं लाकूड उष्णतेची प्रक्रिया केलेलं लागतं, आणि त्यावर गव्हाच्या ओंबीसारखी खूण आणि HT असा शिक्का जाळून किंवा छापून घेतलेला असतो. सुतारमामांकडे तो शिक्का नाही. कॅरमबोर्डाला प्लायवूडची चौकट करा, प्लायवूडला ही अट नाही. बाकी सगळं जाड खोक्यांत. दोन घनमीटरच्या वर सामान जाऊ नये, कारण भाडं घनमीटरवर आहे.

पेट्या बांधताना प्रत्येकीवर नंबर टाका आणि मी ई-मेलने पाठवलेली 31 वस्तूंची यादी समोर ठेवा. तुम्ही जिल्हा परिषदेत तीस वर्षं दप्तर सांभाळलंत, तुम्हाला हे मी काय सांगणार! पण माझी पहिली यादी मीच बिघडवली होती. "किचन आयटम्स, एक खोका" एवढंच लिहिलं होतं. तेव्हा अधिक तपशील द्या असं मला परत विचारलं गेलं आणि दोन आठवडे त्यात गेले. म्हणून आता "पेटी 4 : कुकर 3 लिटर, जुना; कढई 1; पोळपाट-लाटणं 1; स्टीलचे डबे 6" असं लिहायचं. यादीत नसलेली वस्तू पेटीत नको, पेटीत नसलेली यादीत नको. मला पुढच्या 12 ऑगस्टच्या आत सामान इथं आणायचं आहे, म्हणजे घाई नाही, पण परभणी ते न्हावा शेवा, मग जहाज, मग इथलं बंदर, यात दोन-अडीच महिने सहज जातात. जानेवारीत निघालं तर बरं.

आता वाकळीचं. आई, तू तुझ्या जुन्या इरकली शिवून केलेली नवी वाकळ या दसऱ्याला पुरी झाली, मला माहीत आहे. कापड चाळीस वर्षांचं असलं तरी वाकळ नवी, आणि ती मी एक रात्रही पांघरलेली नाही. ती पेटीत टाकू नकोस. विमानाने येताना माणशी 390 पाउंडांपर्यंतच्या नव्या वस्तू, भेटी वगैरे, बॅगेतून बिनकराच्या आणता येतात. वाकळीची किंमत त्याच्या पासंगालाही लागत नाही. एप्रिलमध्ये तुम्ही दोघं याल तेव्हा बॅगेत वर ठेवून आण.

पेटीत माझी पुण्याची वाकळ घाल. निळ्या काठाची, कोपऱ्याला इस्त्रीचा जळका डाग असलेली. तू तिला ठिगळ लावायला काढलीस असं ताई म्हणाली. लावू नकोस, आहे तशीच घडी करून पेटी 7 मध्ये, सगळ्यात वर.

तुमचा,
बाळू